लोह की निकेल : बोरीवलीतील विजेच्या गाडीची बॅटरी

विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीचे रसायन सेलच्या धन टोकाकडील लेपावरून ओळखले जाते. एका प्रकारात हा लेप लिथियम-लोह-फॉस्फेटचा असतो आणि त्याला बाजारात ‘एलएफपी’ म्हणतात, तर दुसऱ्यात तो निकेल, मँगनीज व कोबाल्ट यांच्या मिश्र ऑक्साइडचा असतो आणि तो ‘एनएमसी’ या नावाने ओळखला जातो. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉन ईव्हीत 2020पासून लोहाचे रसायन आहे. महिंद्राच्या एक्सयूव्ही 400मध्ये निकेलचे रसायन होते, पण त्याच कंपनीने नंतर आणलेल्या बीई 6साठी लोह निवडले. ह्युंदाईच्या क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये मात्र निकेलच आहे.

लोहाची बाजू मांडताना सर्वप्रथम आयुष्याचा आकडा पुढे केला जातो. बॅटरीतून तिच्या पूर्ण क्षमतेएवढी वीज एकदमच नव्हे तर तुकड्यातुकड्यांनी जरी वापरली गेली, तरी एक आवर्तन झाले असे मानतात. निकेलचा सेल साधारण एक ते दोन हजार, तर लोहाचा सेल दोन ते चार हजार आवर्तने टिकतो. आता बोरीवलीहून वांद्रे-कुर्ला संकुलात रोज जाऊन येणाऱ्या गाडीचे गणित मांडता येईल. जाऊन-येऊन 44 किलोमीटर व वर्षाला 300 दिवस धरले, तर 13,200 किलोमीटर होतात. एका युनिटला सात किलोमीटर या हिशोबाने 45 युनिटची बॅटरी पूर्ण भरल्यावर 315 किलोमीटर चालते, म्हणजे वर्षाला आवर्तने होतात जेमतेम 42, आणि पंधरा वर्षांतही ती 630च्या वर जात नाहीत. अशा घरगुती गाडीत निकेलची बॅटरीही आवर्तनांची मर्यादा गाठणार नाही. रोज 200 किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीची मात्र तेवढ्याच दिवसांत वर्षाला 190 आवर्तने होतात, म्हणून लोहाचा तो मोठा आकडा खऱ्या अर्थाने टॅक्सीवाल्याच्या कामाचा आहे.

घरगुती गाडीची बॅटरी चालवण्याने थकते त्याहून अधिक ती नुसत्या काळाने थकते. सेलमधील द्रव ग्रॅफाइटशी सावकाश अभिक्रिया करत राहतो, त्यातून साचणारा पापुद्रा कामाचे लिथियम अडकवून ठेवतो, आणि उष्णता व भरलेली बॅटरी या दोन गोष्टी एकत्र आल्या की हा वेग वाढतो. मे महिन्यात पूर्ण भरून उघड्या पार्किंगमध्ये तापणाऱ्या गाडीला दोन्ही लाभतात. निकेलच्या सेलचा पूर्ण भरलेला दाब 4.2 व्होल्टच्या आसपास, तर लोहाचा 3.65 व्होल्टपर्यंतच असल्याने निकेलला शंभर टक्क्यांवर उभे राहणे अधिक बाधते. म्हणून निकेलच्या गाडीत रोजची मर्यादा 80 टक्के ठेवून प्रवासाआधीच पूर्ण भरण्याची शिस्त लागते.

लोहाची अडचण निराळ्या ठिकाणी आहे. त्याचा दाब चार्जच्या मधल्या मोठ्या टप्प्यात 3.2 ते 3.3 व्होल्टच्या दरम्यान जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे केवळ दाब पाहून 40 टक्के आणि 60 टक्के यांतला फरक सांगणे कठीण होते. गाडीचा नियंत्रक आत-बाहेर गेलेल्या विजेची मोजणी करून अंदाज बांधतो आणि त्यातली बारीक चूक दिवसेंदिवस साठत जाते. परिणामी पश्चिम द्रुतगती महामार्गावर 15 टक्के दाखवणारा काटा थोड्याच अंतरात पाचवर घसरू शकतो, आणि असा अचानक उतार दिसला की बिघडली आहे ती बहुधा मोजणी, बॅटरी नव्हे. आठवड्यातून एकदा सावकाश शंभर टक्के भरून गाडी काही वेळ चार्जरला जोडलेलीच ठेवली, तर वरच्या टोकाला दाब पुन्हा चढू लागतो, मोजणी जागेवर येते आणि सेलही एकमेकांशी समतोल साधतात.

येथेच सोसायटीचा प्रश्न येतो. स्वतःच्या पार्किंगमध्ये मीटर व 15 अँपिअरचा सॉकेट असेल, तर वरच्या उदाहरणातील रोजची सहा-सात युनिटे 3.3 किलोवॅटच्या वेगाने सुमारे दोन तासांत भरतात, आठवड्याचे पूर्ण चार्जिंग रात्रीत होते, आणि अशा घराने लोहच घ्यावे. त्यात महाग निकेल व कोबाल्ट नसल्याने युनिटमागे किंमत कमी पडते, तर फॉस्फरस-ऑक्सिजनचा घट्ट बंध उष्णतेतही ऑक्सिजन सहज सोडत नसल्याने आगीचा धोकाही तुलनेने कमी राहतो. जुन्या इमारतीत सॉकेट न मिळालेल्या आणि सार्वजनिक वेगवान चार्जरवर अवलंबून असणाऱ्या कुटुंबाचे तसे नाही. 80 टक्क्यांनंतर तो चार्जर मंदावतो, मागे रांग लागते, आणि लोहाला हवे असलेले पूर्ण भरणे टळत जाते. दहावरून ऐंशीपर्यंत भरून निघणे निकेलच्या स्वभावाला मानवते. शिवाय सेलपुरते पाहिले तर 45 युनिटांसाठी लोहाचे वजन सुमारे 270 किलो, तर निकेलचे 190च्या आसपास भरते, म्हणजे गाडीत एक प्रवासी कमी बसवल्यासारखे होते.

गणपतीला कोकणात रेल्वेने जाताना गाडी दोन आठवडे बोरीवलीतच राहणार असेल, तर ती लोहाची असो की निकेलची, सुमारे 50 टक्के चार्जवर सावलीत उभी करावी. लोहाच्या गाडीचे त्या आठवड्यांतले पूर्ण चार्जिंग मुंबईत परतल्यावर, पुढच्या लांब फेरीच्या आधी करावे.