भायखळ्याच्या तुरुंगातले चौदा रुग्ण आणि कसोटीची निवड

पुण्यात पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना जीवसांख्यिकी शिकवताना एक प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतो : 'सर, इथे टी-टेस्ट लावायची की काय-स्क्वेअर?' विचारणाऱ्याला दोन्हींची सूत्रे पाठ असतात. अडते ते त्याआधीच. मी उलट विचारतो, 'प्रत्येक रुग्णासमोर वहीत तुम्ही काय लिहिले आहे? आकडा की हो-नाही?' बहुतेकांना हे आठवावे लागते, कारण प्रश्नपत्रिकेत वही नसते, फक्त टक्केवारी आणि सरासऱ्या असतात.

या वहीसाठी मी एक जुने उदाहरण वापरतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्याने काय केले ते इथल्या वाचकांना सांगायला नको. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना टोचली. पुढे प्रसिद्ध झालेले आकडे असे : टोचलेल्या १४७ जणांत २ रुग्ण, मृत्यू एकही नाही, न टोचलेल्या १७२ जणांत १२ रुग्ण, त्यातले ६ दगावले. त्या वेळी यातली एकही कसोटी जन्मली नव्हती. कार्ल पिअर्सन यांची काय-स्क्वेअर १९०० ची, 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या गॉसेट यांची टी १९०८ ची.

वर्गात कोणीतरी हमखास म्हणते, 'दोन गट आहेत, म्हणजे टी-टेस्ट.' दोन गट असणे हे टी-कसोटीचे लक्षण नव्हे. इथे प्रत्येक कैद्यासमोर 'प्लेग झाला' किंवा 'झाला नाही' एवढेच लिहिलेले आहे. सरासरी काढावी असे मोजमापच नाही, फक्त मोजदाद आहे. म्हणून काय-स्क्वेअर, आणि तीही टक्क्यांवर नाही, माणसांच्या संख्येवर. १.४ टक्के आणि ७ टक्के हे आकडे चौकटीत भरले तर प्रत्येक गटात १०० माणसे होती असे गणित धरून चालते आणि उत्तर चुकते. ही चूक प्रबंधांतही मी पाहिली आहे.

आता गणित. ३१९ जणांत १४ रुग्ण. लसीचा काही परिणामच नसता तर टोचलेल्यांत १४७ गुणिले १४ भागिले ३१९, म्हणजे ६.४५ रुग्ण अपेक्षित होते, न टोचलेल्यांत ७.५५. प्रत्यक्षात २ आणि १२. फरक ४.४५. चारही घरांत या फरकाचा वर्ग अपेक्षित संख्येने भागून बेरीज केली की ५.९६ येते. एका स्वातंत्र्यांशासाठी पाच टक्क्यांची मर्यादा ३.८४ आहे, म्हणजे फरक लक्षणीय.

इथे परीक्षेतला लाडका सापळा येतो. 'सर, एका घरात २ आहे, पाचपेक्षा कमी, म्हणजे काय-स्क्वेअर चालणार नाही.' नियम अपेक्षित संख्येचा आहे, निरीक्षित संख्येचा नाही. सर्वांत लहान अपेक्षित संख्या ६.४५ आहे, कसोटी चालते. मृत्यूंची चौकट मात्र वेगळी. सहा मृत्यूंपैकी टोचलेल्यांत अपेक्षित २.७६, न टोचलेल्यांत ३.२४. दोन्ही पाचच्या खाली. इथे फिशर यांची अचूक कसोटी लागते. तिचे दुहेरी टोकाचे पी-मूल्य सुमारे ०.०३३ येते; हट्टाने काय-स्क्वेअर लावली तर सुमारे ०.०२२. निष्कर्ष बदलला नाही, पण पुरावा आहे त्यापेक्षा बळकट दिसला.

अर्थात टोचून घ्यायला जे पुढे आले ते आणि जे मागे राहिले ते सारखेच होते का, हे यातली कोणतीही कसोटी सांगू शकत नाही. तोंडी परीक्षेत मी हे मुद्दाम विचारतो.

आता समजा वहीत हो-नाहीऐवजी दिवस लिहिले आहेत. माझा नेहमीचा बनवलेला प्रश्न : दोन उपचारांखाली प्रत्येकी सात रुग्ण, रुग्णालयात राहिलेले दिवस. 'अ' गट : ३, ३, ४, ४, ५, ५, २५. 'ब' गट : ६, ७, ७, ८, ८, ९, ११. हे मोजमाप आहे, म्हणून टी-कसोटीकडे हात जातो. सरासरी ७ आणि ८. टीचे मूल्य जेमतेम ०.३२, मर्यादा २.१८. 'फरक नाही', असे लिहून विद्यार्थी पुढे जातो. पण 'अ'मधले सातपैकी सहा रुग्ण 'ब'मधल्या प्रत्येकापेक्षा आधी घरी गेले! एका २५ ने सरासरी वर ओढली आणि प्रमाण विचलन जवळजवळ ८ वर नेले. 'ब'चे ते १.६ आहे. टी-कसोटीने गृहीत धरलेला साधारण सममित, सारख्या पसाऱ्याचा नमुना इथे नाही.

मान आणि व्हिटनी यांची १९४७ ची कसोटी दिवसांची बेरीज करतच नाही. 'अ'मधला प्रत्येक रुग्ण 'ब'मधल्या प्रत्येकाशी ताडून पाहायचा. जोड्या ४९. त्यातल्या ४२ जोड्यांत 'अ'चा रुग्ण लवकर गेला, ७ जोड्यांत 'ब'चा. लहान संख्या ७, तीच यू. सात-सातच्या गटांसाठी तक्त्यातली मर्यादा ८. आणि इथे दिशा उलटी आहे : यू मर्यादेइतका किंवा त्याहून लहान असला तर फरक लक्षणीय. टी आणि काय-स्क्वेअरच्या सवयीने 'सात आठपेक्षा कमी, म्हणून फरक नाही' असे लिहिणारे दरवर्षी निघतात. बरोबर कसोटी निवडून गुण घालवायचा हा खास मार्ग.

तो २५ दिवसांचा रुग्ण मात्र केसपेपर काढून पाहावा. तो २.५ असेल, किंवा बिल न भरल्यामुळे अडकलेला असेल. न पाहता वगळणे ही वेगळीच चूक.

मग नॉन-पॅरामेट्रिकच नेहमी का लावू नये? आकडे सममित असतील तर ती टीपेक्षा फार मागे पडत नाही, हे खरे. पण परीक्षक आणि वाचक दोघांनाही सहसा 'किती दिवसांचा फरक' हवा असतो आणि यू ते सांगत नाही. गट मोठे असतील तर थोडाफार कललेला नमुनाही टी-कसोटी सहन करते. 'तीस' हा पाठ केलेला आकडा मात्र सीमारेषा नव्हे. वेदना 'सौम्य, मध्यम, तीव्र' अशा लिहिल्या असतील तर काय-स्क्वेअर लावता येते, पण ती या तिघांमधला क्रम विसरते. तिथे मान-व्हिटनीच बरी.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने हे सारे बरोबर सोडवले, तेव्हा मी आकडे तेच ठेवून प्रश्नातले एकच वाक्य बदलले : 'त्याच सात रुग्णांचे, उपचारापूर्वीचे आणि नंतरचे.' तिने पेन खाली ठेवला, थोडे थांबली आणि मग विचारले, 'सर, २५ ज्याचा आहे त्याचा नंतरचा आकडा कोणता?'