तीन बोल्ट बसले, चौथा अडला

वर्कशॉपमधल्या माझ्या उमेदवारीच्या दिवसांतली गोष्ट. वीस मिलिमीटर जाडीची एक पोलादी प्लेट खालच्या बेसवर चार ॲलन बोल्टांनी आवळायची होती. बोल्ट एम ८ चे. डोकी वर राहिली तर जॉब सरकवताना अडकणार, म्हणून प्रत्येक भोकाच्या तोंडाशी डोकं मावेल असा सपाट तळाचा खड्डा घ्यायचा होता. त्यालाच काउंटरबोअर म्हणतात. डोकं तेरा मिलिमीटरचं, त्यात एक मिसळला आणि ड्रॉइंगवर मी चौदा लिहिलं. तीन बोल्ट आत गेले. चौथा डोक्यापाशी अडला.

मी भोक वाढवायला निघालो, तर फोरमननी हात धरला. “भोक बरोबर आहे रे. डोक्याला सरकायला जागा कुठे ठेवलीस?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना लक्षात आलं की काउंटरबोअरचं माप नुसत्या डोक्यावरून ठरत नाही. ते बोल्टच्या नावातल्या आकड्यापासून पायरी-पायरीने काढता येतं.

एम ८ म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास आठ मिलिमीटर. नेहमीच्या ॲलन बोल्टच्या डोक्याची उंची याच आकड्याइतकी असते, म्हणजे आठ. डोक्याचा व्यास साधारण दीडपट. दीडपटीने बारा येतात, पण एम ८ चं डोकं प्रत्यक्षात तेराचं असतं आणि एम १० चं सोळाचं. एम १२ ला मात्र दीडपट नेमकी जुळते, अठरा. म्हणून दीडपटीचा हिशेब अंदाजापुरता धरायचा आणि माप तक्त्यातून घ्यायचं. आणखी एक बारकावा म्हणजे डोक्याच्या कडेला बोटांची पकड मिळावी म्हणून बहुतेक बोल्टांना खरखरीत नक्षी असते. ती धरून एम ८ च्या डोक्याचा व्यास १३.२७ पर्यंत जाऊ शकतो. खड्ड्याचा हिशेब या मोठ्या मापाने करायचा.

आता भोक. आठचा बोल्ट आठच्या भोकातून जाईल, पण चार भोकं आणि खालचे चार आटे अगदी नेमके समोरासमोर येणं कठीण. म्हणून वरच्या प्लेटला आरपार नऊचं भोक ठेवतात. त्यामुळे बोल्ट मध्यापासून कोणत्याही बाजूला अर्धा मिलिमीटर सरकू शकतो. खालचा आटा इतका चुकला तरी चालतं. पण बोल्ट सरकला की त्याच्याबरोबर डोकंही तेवढंच सरकतं, आणि माझी चूक नेमकी इथे होती.

चौदाच्या खड्ड्यात १३.२७ चं डोकं ठेवलं की फरक उरतो ०.७३, म्हणजे एका बाजूला जेमतेम ०.३६. आमचा चौथा आटा ०.४ मिलिमीटरने चुकला होता. नऊच्या भोकाने ही चूक पोटात घातली, खड्ड्याने घातली नाही. बोल्ट काढून पाहिला तर खड्ड्याच्या एकाच बाजूला उभ्या चकचकीत रेघा उमटल्या होत्या. ती डोक्याच्या नक्षीची खरड. अशी एकतर्फी खरड दिसली की भोकाला दोष देऊ नये, खड्डा अरुंद आहे असं समजावं.

तेव्हा हिशेब असा करायचा: डोक्याचं मोठ्यात मोठं माप, अधिक भोक आणि बोल्ट यांच्यातला फरक, आणि वर थोडी सवलत, कारण भोक आणि खड्डा यांचे मध्य अगदी एकावर एक येतातच असं नाही. एम ८ साठी १३.२७ आणि एक मिळून १४.२७. त्यापुढचं सोयीचं माप पंधरा, आणि तक्त्यांतही पंधराच छापलेलं असतं. हाच हिशेब इतर बोल्टांना लावला तर तक्त्यातले आकडे कुठून आले ते कळतं:

एम ६: डोकं १०, भोक ६.६, खड्डा ११
एम ८: डोकं १३, भोक ९, खड्डा १५
एम १०: डोकं १६, भोक ११, खड्डा १८
एम १२: डोकं १८, भोक १३.५, खड्डा २०

मग खड्डा सरळ वीसचा घेतला तर? बोल्ट बसेल, पण प्लेटच्या कडेजवळची भिंत पातळ होईल आणि खाचेत कीस साठेल. भोक वाढवणं तर त्याहून वाईट. डोक्याखाली टेकायला जी कडी उरते तिच्यावरच सगळा दाब येतो. तेराचं डोकं आणि नऊचं भोक असताना ती कडी सुमारे ६९ चौरस मिलिमीटरची असते. भोक दहाचं केलं तर ५४ उरते. मी कानस लावणार होतो ती याच कडीला.

खोलीचं गणित सोपं आहे. डोक्याची उंची बोल्टच्या आकड्याइतकी, त्यात थोडी भर. एम ६ पर्यंत ०.४ आणि त्यापुढे एम २० पर्यंत ०.६ पुरते. म्हणजे एम ८ ला ८.६. बऱ्याच शॉपमध्ये सरळ नऊ धरतात. डोकं पृष्ठभागाच्या किंचित खाली जातं आणि ड्रॉइंग वाचायलाही सोपं पडतं.

पण इथे सैल हात नडतो. आमच्या वीसच्या प्लेटमध्ये नऊचा खड्डा घेतल्यावर डोक्याखाली अकरा मिलिमीटर धातू उरला. ॲलन बोल्टची लांबी डोक्याच्या खालून मोजतात, तेव्हा पंचवीसचा बोल्ट बेसमध्ये चौदा मिलिमीटर उतरतो. बेसमध्ये आटे पंधरा खोलीपर्यंतच पाडलेले होते. खड्डा चुकून अकराचा झाला असता तर बोल्ट सोळा उतरू पाहता, आणि आटे संपताच थांबला असता. चावीला वाटतं बोल्ट घट्ट झाला, प्लेट मात्र हाताने हलते. असं झालं की आधी बोल्टची लांबी आणि खड्ड्याची खोली यांचा मेळ तपासावा.

वॉशर घालायचा असेल तर दोन्ही मापं बदलतात. एम ८ चा साधा वॉशर सोळाचा असतो, तो पंधराच्या खड्ड्यात उतरतच नाही. जाडी १.६, ती खोलीत मिळवायची. प्लेटच पातळ असेल तर बुटक्या डोक्याचा बोल्ट मिळतो. एम ८ मध्ये त्याच्या डोक्याची उंची पाचच मिलिमीटर असते. खोली त्यावरून धरायची.

खड्डा घेताना आधी नऊचं भोक, मग पुढे नऊची पायलट असलेलं पंधराचं कटर. पायलट भोकात शिरते, त्यामुळे दोघांचे मध्य एका रेषेत राहतात. ड्रिलने खड्डा घेतला तर तळ शंकूसारखा उतरता होतो आणि डोकं कडेवर टेकतं. भोकाच्या तोंडाची धारही किंचित मोडावी लागते, कारण डोकं आणि दांडा जिथे जुळतात तिथे बोल्टला बारीक गोलाई असते. धार तशीच ठेवली तर डोकं त्या गोलाईवर चढून बसतं.

फोरमननी पंधराचं कटर लावून चारही खड्डे वाढवले. मग बोल्टच्या डोक्याच्या खालच्या बाजूला मार्करची शाई फासली, बोल्ट हलकेच आवळून पुन्हा काढला आणि मला तळ पाहायला लावला. शाईची पूर्ण कडी उमटली होती. अर्धचंद्र उमटला असता तर तळ तिरका, असं ते म्हणाले. चौथा बोल्ट या वेळी बोटांनीच फिरत खाली गेला. आटा अजूनही ०.४ ने चुकलेलाच होता.