विमा कंपनी बदलली तरी ‘नो-क्लेम बोनस’ वाहनमालकाचाच. पत्रातील टक्केवारी मात्र अचूक हवी

जयपूर : मोटार विम्याचे नूतनीकरण करताना दुसरी कंपनी निवडली की आजवर साठवलेला नो-क्लेम बोनस बुडतो, असा समज अनेक वाहनमालकांमध्ये आढळतो. तो चुकीचा आहे. हा बोनस जुन्या कंपनीने दिलेली बक्षिसी नसून पॉलिसीधारकाने दावा न करता मिळवलेला हक्क आहे, आणि कंपनी बदलताना तो सोबत नेता येतो. त्यासाठी नव्या कंपनीला द्यावे लागणारे पत्र जेमतेम एका पानाचे असते. परंतु त्यातील एका चुकीच्या आकड्यामुळे पुढे अपघाताची भरपाई अडकू शकते.

बोनसची सवलत विम्याच्या संपूर्ण हप्त्यावर मिळत नाही. मोटार विम्याचे दोन भाग असतात. तृतीय पक्षाच्या दायित्वाचा हप्ता सरकार ठरवते आणि त्यावर बोनस लागू होत नाही. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी जो हप्ता आकारला जातो, केवळ त्यातून ही सवलत वजा होते. दावा न करता पहिले वर्ष गेले की 20 टक्के, त्यानंतर अनुक्रमे 25, 35, 45 आणि अखेरीस 50 टक्के, अशी ही चढण आहे. या भागात एक दावा झाला की सामान्यतः पुढील नूतनीकरणाच्या वेळी बोनस शून्यावर येतो. ही श्रेणी आणि बोनस हस्तांतराची पद्धत 2002 च्या भारतीय मोटार दरपत्रकातील सत्ताविसाव्या सामान्य नियमात दिलेली आहे. 2007 पासून कंपन्यांना दर ठरविण्याची मोकळीक मिळाली, तरी बोनसची ही चौकट व्यवहारात टिकून आहे.

जयपूरच्या मालवीय नगरमधील एका मोटारमालकाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. त्यांची पॉलिसी 14 नोव्हेंबरच्या मध्यरात्री संपते आणि तीवर 35 टक्के बोनस छापलेला आहे. नव्या कंपनीने स्वतःच्या नुकसानीच्या विम्यासाठी बोनसपूर्व हप्ता 12,000 रुपये सांगितला. सरत्या वर्षात दावा झालेला नसेल, तर त्यांचा हक्क 35 नव्हे, 45 टक्क्यांचा होतो. पॉलिसीवरील आकडा मागील वर्षांच्या कमाईचा असतो. चालू वर्षाची पायरी त्यात धरलेली नसते. बहुतेक गोंधळ येथेच होतो. 45 टक्क्यांनुसार 5,400 रुपये कमी होऊन हप्ता 6,600 रुपये होईल. अठरा टक्के वस्तू व सेवा कर जमेस धरता एकूण बचत 6,372 रुपये. पत्रात जुनाच 35 चा आकडा उतरवला, तर करासह 1,416 रुपये अकारण जास्त जातील.

म्हणून पत्रात दोन्ही आकडे स्वतंत्रपणे लिहावेत. वाहन नोंदणी क्रमांक, इंजिन व चॅसिस क्रमांक, जुन्या कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि मुदतीच्या तारखा वरच्या भागात याव्यात. मूळ मजकूर असा ठेवता येईल :

‘उपरोक्त वाहनाचा विमा आपल्या कंपनीकडे घेताना माझा नो-क्लेम बोनस हस्तांतरित करावा, ही विनंती. संपुष्टात येणाऱ्या पॉलिसीवर 35 टक्के बोनस दिलेला असून या मुदतीत स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीबाबत कोणताही दावा केलेला नाही व प्रलंबित नाही. त्यामुळे नूतनीकरणास 45 टक्के बोनस देय आहे. ही माहिती खरी असून ती असत्य आढळल्यास पॉलिसीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागातील लाभ रद्द होतील, याची मला जाणीव आहे. पूर्वीच्या विमा कंपनीकडून आपण पडताळणी करून घ्यावी. सोबत : जुन्या पॉलिसीची प्रत व नूतनीकरण सूचना.’

नूतनीकरण सूचना किंवा जुन्या कंपनीचे बोनसची पुष्टी करणारे पत्र हा सर्वांत भक्कम पुरावा होय. यांपैकी काहीच हाती नसेल, तर वरीलप्रमाणे स्वयंघोषणेवर बोनस देण्याची तरतूद आहे. मात्र त्या स्थितीत नव्या कंपनीने विमासंरक्षण दिल्यापासून 21 दिवसांच्या आत जुन्या कंपनीला पत्र पाठवून खातरजमा करावी आणि जुन्या कंपनीने ते मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर द्यावे, असे नियम सांगतो. ऑनलाइन विमा घेताना हीच घोषणा एका चौकोनावर खूण करून दिली जाते. ती खूणही सहीइतकीच बांधील ठरते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

समजा, याच मालकाने मे महिन्यात काच फुटल्यामुळे गॅरेजमध्ये रोखरहित दुरुस्ती करून घेतली होती. बिल परस्पर विमा कंपनीने भागवले, म्हणून ‘आपण दावा केलाच नाही’ असे त्यांना वाटत राहिले. कागदोपत्री तो दावाच आहे. ‘बोनस संरक्षण’ हे पूरक कवच घेतलेले नसेल, तर त्यांचा हक्क शून्य टक्के होतो. ते कवच असले तरी नवी कंपनी ते मान्य करते का, हे हप्ता भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. अशा स्थितीत 45 टक्क्यांची घोषणा झाली आणि पुढे अपघातात 2,40,000 रुपयांचे नुकसान झाले, तर कंपनी जुन्या घोषणेवर बोट ठेवून दावा फेटाळू शकते. म्हणजे 6,372 रुपयांच्या सवलतीपोटी अडीच लाखांच्या जवळपास रक्कम पणाला लागते. कंपनीने 21 दिवसांत पडताळणी केली नाही, असा प्रतिवाद ग्राहक आयोगांपुढे केला जातो. तेथे काही दावे पूर्णतः नाकारले गेले आहेत, तर काहींत रक्कम घटवून भरपाई मिळाली आहे. त्या प्रतिवादावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. चूक वेळीच लक्षात आली, तर फरकाची रक्कम भरून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्यावी आणि त्याचा लेखी पृष्ठांकन दस्तऐवज जपून ठेवावा. हे अपघातापूर्वीच व्हायला हवे.

मुदतीचाही प्रश्न आहे. पॉलिसी संपल्यानंतर 90 दिवसांत नूतनीकरण न झाल्यास बोनस संपतो. आपल्या उदाहरणात ही मर्यादा 12 फेब्रुवारीला पूर्ण होते. या काळात बोनस टिकतो, विमासंरक्षण मात्र नसते. शिवाय नवी कंपनी वाहनाची तपासणी केल्याखेरीज सहसा विमा देत नाही. सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारींना तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे तो चालू असतानाच स्वतःच्या नुकसानीचा विमा संपून गेल्याचे अनेकांना उशिरा कळते.

जुनी कंपनी पुष्टी देत नसेल किंवा नवी कंपनी योग्य बोनस नाकारत असेल, तर प्रथम त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न मिळाल्यास अथवा ते असमाधानकारक वाटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. राजस्थानसाठी हे कार्यालय जयपूरमध्ये भवानी सिंह मार्गावरील जीवन निधी-2 इमारतीत आहे. महाराष्ट्रातील वाहनमालकांसाठी मुंबई आणि पुणे येथे स्वतंत्र कार्यालये आहेत. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नव्या कंपनीला दिलेल्या पत्राची पोच, ई-मेल असल्यास तारखेसह त्याची प्रत, ही त्या अर्जासोबत जोडावी लागणारी मुख्य कागदपत्रे होत.