सेकंदाला सतरा चिन्हे

येरवड्याच्या आगाखान पॅलेसमधली नजरकैद ‘गांधी’ (१९८२) या इंग्रजी चित्रपटात दिसते. असा संवादप्रधान चित्रपट रशियन उपशीर्षकांत नेताना शब्द कुठे गळतात, हे एका साध्या वाक्यावरून कळते. (वाक्य माझे, चित्रपटातले नव्हे.) ‘मी काय सांगू पाहतोय ते तुम्हांला कळतंय, असं मला वाटत नाही’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य नट दोन सेकंदांत बोलून जातो. त्याचे शब्दशः रशियन भाषांतर ५६ चिन्हांचे होते. मोकळ्या जागा आणि विरामचिन्हेही त्यात धरायची. नेटफ्लिक्सच्या रशियन नियमांत ओळीला ३९ चिन्हे, ओळी फार तर दोन. तेव्हा जागा पुरते, पण वेळ पुरत नाही. प्रौढ प्रेक्षकासाठी सेकंदाला १७, म्हणजे इथे फक्त ३४ चिन्हे.

घाईतला अनुवादक ‘वी मेन्या ने पनिमायेते’ लिहून मोकळा होतो: ‘तुम्हांला माझं कळत नाही’, २१ चिन्हे. नियम पाळला जातो, पण सौम्य माणूस उद्धट ठरतो, आणि तेरा चिन्हे शिल्लकच राहतात. त्यांतल्या सातांत आरंभी ‘पा-मोयेमू’, म्हणजे ‘माझ्या मते’, बसवता येते, मात्र क्रियापद आखूड करून: ‘पा-मोयेमू, वी मेन्या ने पोन्यली’, २८ चिन्हे. ‘सांगू पाहतोय’ गेले ते गेलेच. ते नटाच्या चेहऱ्यावर दिसते. अदब मात्र राहिली. ‘वी’ म्हणजे आपले ‘तुम्ही’. इंग्रजीत न दिसणारा हा आदर रशियनमध्ये जास्तीची जागा न घेता मिळतो.