मोबाइल गेला, माहितीचे काय?

समजा, दादरला संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढलेली एक शिक्षिका ठाण्याला उतरते आणि पर्सची चेन उघडी दिसते. मोबाइल गेलेला. फोन अँड्रॉइडचा, त्याला सहा आकडी पिन. घरी पोचून ती नवऱ्याच्या फोनवरून स्वतःचा नंबर लावते. रिंग वाजते, कुणी उचलत नाही. मग कट होते.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कंपनीच्या कस्टमर केअरकडे जातो : सिम बंद करा. सिम बंद करायलाच हवे, पण पाच मिनिटांनी. सिम बंद झाले की फोनचे इंटरनेटही जाते आणि मग लांबून पाठवलेला कुलूप लावण्याचा किंवा सगळे पुसून टाकण्याचा आदेश फोनपर्यंत पोचतच नाही. रिंग वाजते आहे, म्हणजे फोन चालू आहे, सिम अजून आत आहे. ही पाच मिनिटे मोलाची आहेत.

ती नवऱ्याच्या फोनवर `android.com/find` उघडते, आपल्या गूगल खात्याचा पासवर्ड टाकते आणि तिथेच अडते. खात्याला दुहेरी पडताळणी आहे. गूगल म्हणते, तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेला ‘होय’ म्हणा. तो फोन तर चोराकडे! एसएमएसने कोड मागवला तर तोही त्याच सिमवर जाणार. फोन हरवल्यावर सगळ्यात जास्त माणसे अडकतात ती इथे.

यावरचा उपाय गूगलनेच दिलेला आहे, पण तो आधी करून ठेवावा लागतो. खात्याच्या सुरक्षा विभागात ‘बॅकअप कोड’ मिळतात : आठ आकडी दहा कोड, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून घरात ठेवलेले असतील तर बाई दोन मिनिटांत आत शिरतात. नसतील तर `android.com/lock` हा दुसरा रस्ता आहे. तिथे पासवर्ड लागत नाही, नुसता फोन नंबर टाकून स्क्रीनला कुलूप लावता येते. मात्र ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये आधीपासून चालू असावी लागते. आयफोनवाल्यांची यातून सुटका आहे. `icloud.com/find` वर हरवलेला फोन शोधायला आणि लॉक करायला पासवर्ड पुरतो, दुसरा कोड लागत नाही.

कुलूप लागले, आता सिम. फोन कितीही पक्का बंद असला तरी सिम बाहेर काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायला चोराला अर्धे मिनिट पुरते. मग बँकेचे ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. यूपीआयचा पिन नव्याने ठरवायचा तर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख विचारली जाते, म्हणून नुसत्या सिमवर त्याचे काम सहसा भागत नाही. पण फोनबरोबर कार्डही त्याच पर्समध्ये असले तर दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या हातात गेल्या. त्यामुळे सिमपाठोपाठ बँकेला कळवणे आलेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाने कळवल्यानंतर होणाऱ्या गैरव्यवहाराची जबाबदारी बँकेवर येते. कळवण्याआधी ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेली रक्कम मात्र त्याची त्यालाच सोसावी लागते. पैसे गेलेच असतील तर 1930 वर लगेच तक्रार करावी.

आता सगळ्यांच्या मनातली भीती. फोन खोलून कुणी आतले फोटो काढून घेईल का? अँड्रॉइड 10 पासून बाजारात आलेल्या फोनमध्ये आतली साठवण कूटबद्ध असते, आयफोनमध्ये तर त्याच्याही आधीपासून. कूट उलगडण्याची किल्ली फोनच्याच चिपमध्ये असते आणि ती पिनशी बांधलेली असते. चिप उपटून दुसरीकडे जोडली तरी हाती निरर्थक आकडे लागतात. 2015 च्या सॅन बर्नार्डिनो हल्ल्यातील हल्लेखोराचा आयफोन 5सी उघडण्यासाठी अमेरिकेच्या एफबीआयला कित्येक आठवडे ॲपलशी न्यायालयात भांडावे लागले आणि शेवटी बाहेरच्या मंडळींची मदत घ्यावी लागली. रेल्वेतल्या पाकीटमाराकडे ती साधने नसतात.

या संरक्षणाला तीन भोके मात्र आहेत. फोन उघडा असताना हातातून हिसकावला गेला तर कूटबद्धतेचा उपयोग नाही. शेजारी उभ्या माणसाने पिन पाहून ठेवला असेल तरी नाही. पिन माहीत असला की गूगलचा पासवर्डही फोनवरूनच बदलता येऊ शकतो. तिसरे भोक म्हणजे फोनमधले वेगळे मेमरी कार्ड. ते बहुधा कूटबद्ध नसते, आणि लांबून फोन पुसला तरी कार्डावरचे पुसले जाईलच असे नाही.

मग फोन पुसून टाकावा का? आदेश दिला की फोन पुन्हा इंटरनेटवर येईपर्यंत तो वाट पाहत राहतो. अँड्रॉइड पुसला की त्याचे ठिकाण मालकाला दिसणे थांबते, त्यामुळे पिन पक्का असेल तर एक-दोन दिवस थांबायला हरकत नाही. पोलिसांचा माग त्यामुळे तुटत नाही, कारण तो फोनच्या आयएमईआय क्रमांकावर चालतो. पोलिस तक्रारीची प्रत जोडून संचार साथी संकेतस्थळावर हा क्रमांक नोंदवला की फोन देशभरातल्या नेटवर्कवर बंद होतो. ही यंत्रणा 2019 मध्ये प्रायोगिक स्वरूपात पहिल्यांदा सुरू झाली ती महाराष्ट्रातच. क्रमांक खोक्यावर आणि बिलावर असतो. फोन जवळ असताना `*#06#` दाबले तरी दिसतो.

दुसऱ्या दिवशी बाई त्याच नंबरचे नवे सिम आणि नवा फोन घेतात. गूगल खाते जोडताच संपर्कातले नंबर परत येतात, आणि बॅकअप चालू असेल तर फोटोही. फोटोंच्या ‘लॉक्ड फोल्डर’मध्ये ठेवलेले मात्र, त्याचा बॅकअप वेगळा चालू केला नसेल तर, कायमचे गेले. व्हॉट्सॲपचा कोड एसएमएसने यायला अडचण येते, कारण बदललेल्या सिमवर एसएमएस चोवीस तासांनी सुरू होतात. तेव्हा फोन कॉलने कोड मागवावा. नव्या फोनवर नोंदणी झाली की जुन्या फोनमधले व्हॉट्सॲप आपोआप बंद पडते, हा मोठा फायदा. संभाषणे परत आणायची तर जुनेच गूगल खाते हवे. आणि ‘रिस्टोअर’ विचारले असता घाईने ‘स्किप’ दाबू नये, कारण रात्री नवा, रिकामा बॅकअप जुन्यावर बसू शकतो. शेवटच्या बॅकअपनंतरचे संदेश परत येत नाहीत.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी, आणि अनेकांना ती माहीत नसते. विंडोज सुरू होताना विचारला जाणारा पासवर्ड हे दाराचे कुलूप आहे, कपाटाचे नाही. डिस्क कूटबद्ध नसेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की बँकेची स्टेटमेंट, पॅनची प्रत, मुलांचे फोटो सगळे उघडे. आपली डिस्क कुठल्या अवस्थेत आहे हे ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कळते :

```
manage-bde -status
```

तिथे `Protection On` दिसले तर डिस्कला कुलूप आहे. त्याची 48 आकडी रिकव्हरी की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. ती लॅपटॉपच्या पिशवीत चिठ्ठीवर लिहून ठेवू नये. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधल्या फाइल्स परत मिळवून देणारा कुठलाही दुकानदार नाही, कारण दुरुस्तीला डिस्क हातात लागते. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह किंवा घरातल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर जे असेल तेवढेच आपले.

फोन खिशात आहे तोवर गूगल खात्यातले ते दहा कोड आजच कागदावर उतरवून घ्या, आणि तो कागद फोनच्या कव्हरमध्ये न ठेवता घरच्या कपाटात ठेवा.