रीटेस्ट: भाव परत आला, पण टिकला का?

भाव एखाद्या पातळीवरून वारंवार मागे फिरत असेल, तर त्या पातळीला रेझिस्टन्स म्हणतात. भाव ती ओलांडून वर गेला की ब्रेकआउट झाला. पुढे तो त्याच पातळीपर्यंत खाली आला की त्याला रीटेस्ट म्हणायचं. पातळी टिकली तरच खरेदी करायची, एवढीच ही पद्धत. तिच्याबद्दलच्या चार गैरसमजांपैकी तीन निफ्टीच्याच आलेखावर तपासता येतात.

गैरसमज १: ब्रेकआउटनंतर रीटेस्ट येतोच.

वस्तुस्थिती: कधी येत नाही, कधी फार उशिरा येतो. १ डिसेंबर २०२२ रोजी निफ्टीने १८,८८७.६० चा उच्चांक केला होता. तो मोडला २८ जून २०२३ रोजी. त्या दिवशी निफ्टी १८,९७२ वर बंद झाला. मग त्या पातळीकडे न परतता २० जुलैला १९,९९१ आणि १५ सप्टेंबरला २०,२२२ पर्यंत गेला. जुन्या उच्चांकाशी तो परत आला थेट २६ ऑक्टोबरला, म्हणजे जवळपास चार महिन्यांनी. तोवर थांबलेल्याच्या हातून हजारावर अंकांची तेजी निसटली होती. वाट पाहण्याची ही किंमत आधीच मान्य असावी लागते. गाडी सुटली म्हणून वरच्या भावात उडी मारली, तर मग पद्धत उरतच नाही.

गैरसमज २: रेझिस्टन्स म्हणजे एक नेमका आकडा.

वस्तुस्थिती: तो एक पट्टा असतो. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी निफ्टी १८,८३७.८५ पर्यंत घसरला आणि १८,८५७ वर बंद झाला. म्हणजे बंद भावसुद्धा जुन्या उच्चांकाच्या तीसेक अंक खाली होता. रेषेखाली एक पैसाही गेला की सौदा फसला, असं मानणारा नेमका तिथेच बाहेर पडला असता. दुसऱ्याच दिवशी निफ्टी १९,०४७ वर बंद झाला आणि १ डिसेंबरला त्याने २०,२६७ वर नवा विक्रमी बंद दिला. एवढ्या मोठ्या निर्देशांकात तीस अंक म्हणजे अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. पट्टा किती रुंद धरायचा, हे त्या शेअरच्या रोजच्या चढउतारावर ठरवावं.

गैरसमज ३: पातळीला भाव टेकला की घ्यायचं, त्यासाठी दिवसभर मोबाइल पाहायचा.

वस्तुस्थिती: टेकणं वेगळं, टिकणं वेगळं, आणि टिकणं बंद भावावरून कळतं. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा विरारचे कित्येक नोकरदार चर्चगेटच्या लोकलमध्ये उभे असतात. त्या गर्दीत पाच मिनिटांच्या चार्टवर निर्णय घेण्यापेक्षा साडेतीननंतर दिवसाचा चार्ट पाहिला तरी या पद्धतीचं काही बिघडत नाही. भाव पट्ट्यात आला, तिथून वर वळला आणि पातळीच्या वर बंद झाला, तर दुसऱ्या दिवशीच्या खरेदीचा विचार करावा.

गैरसमज ४: रीटेस्ट टिकला म्हणजे सौदा सुरक्षित.

वस्तुस्थिती: २०२२ चा डिसेंबर आठवा. ऑक्टोबर २०२१ चा १८,६०४ चा उच्चांक निफ्टीने नोव्हेंबरच्या अखेरीस मोडला होता. डिसेंबरमध्ये तो या पातळीखाली आला, पण १३ तारखेला १८,६०८ वर आणि १४ तारखेला १८,६६० वर बंद झाला. दोन दिवस टिकला, असंच कुणालाही वाटलं असतं. पण १५ तारखेला तो १८,४१४ वर, १६ तारखेला १८,२६९ वर आणि २३ तारखेला १७,८०६ वर बंद झाला. हा रीटेस्ट फसला, ऑक्टोबर २०२३ चा टिकला. त्या त्या दिवशी दोन्ही जवळपास सारखेच दिसत होते.

म्हणून रीटेस्टचा खरा फायदा अचूक भाकितात नाही, तर चूक कुठे ठरेल ती जागा जवळ असण्यात आहे. एक काल्पनिक शेअर घेऊ. रेझिस्टन्स २०० रुपये, स्टॉप लॉस १९५ वर. एक लाखाच्या भांडवलावर एका सौद्यात जास्तीत जास्त १,००० रुपये गमवायची तयारी आहे. ब्रेकआउटच्या उत्साहात २१२ ला घेतला, तर शेअरमागे जोखीम १७ रुपये, म्हणजे ५८ शेअर. रीटेस्टनंतर २०४ ला घेतला, तर जोखीम ९ रुपये, म्हणजे १११ शेअर. नुकसानीची मर्यादा तीच, पण शेअर जवळपास दुप्पट.

अर्थात वाईट बातमीनंतर शेअर सकाळी थेट १८५ ला उघडला, तर १९५ चा स्टॉप लॉस १९५ ला लागत नाही. तेव्हा १११ शेअरवर नुकसान १,००० च्या ऐवजी २,१०९ रुपये होतं. त्यामुळे तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी रीटेस्ट कितीही देखणा दिसला, तरी शेअर कमी घ्यावेत किंवा निकालानंतरचा बंद भाव पाहून ठरवावं.