जखम घोट्यावर, बिघाड जांघेत

उभ्या माणसाच्या घोट्यातलं रक्त हृदयाकडे परत जायचं, तर त्याला सुमारे चार फूट सरळ वर चढावं लागतं. हृदयाने धमन्यांतून दिलेला रेटा केसाहून बारीक वाहिन्यांमधून जाता जाता बहुतेक संपलेला असतो. वर चढायचं कुणाच्या जोरावर? तर पोटरीच्या. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की तो आतल्या खोल शिरा पिळतो आणि रक्त वर ढकलतो. स्नायू सैल पडला की ते रक्त खाली यायला हवं, पण येत नाही. शिरांच्या आत ठिकठिकाणी दोन-दोन पाकळ्यांच्या अतिशय नाजूक झडपा असतात. त्या वरच्या बाजूलाच उघडतात आणि रक्त मागे फिरू लागलं की मिटतात.

या झडपांचं काम तुम्हाला आत्ता, स्वतःच्या हातावर पाहता येईल. हात थोडा वेळ खाली लोंबू द्या, म्हणजे शिरा ठसठशीत दिसतील. मनगटाच्या वरच्या अंगाला एका फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबून धरा. आता दुसऱ्या बोटाने तीच शीर तिथून कोपराच्या दिशेने निपटत न्या आणि ते दुसरं बोट उचला. शीर वरून भरत नाही. वर रक्त असूनही, झडपेपासून खालचा भाग चपटाच राहतो. पहिलं बोट उचललं, की क्षणात खालून भरतो. विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याने 1628 साली रक्ताभिसरणावरच्या आपल्या पुस्तकात याच प्रयोगाची चित्रं छापली होती. इटलीतल्या पाडुआचे त्याचे गुरू फॅब्रिशियस यांनी या झडपांचं वर्णन 1603 साली प्रसिद्ध केलं होतं. पण हातापायांत रक्त फार साचू नये म्हणून झडपा त्याचा वेग कमी करतात, असं त्यांना वाटलं. रक्त शिरांतून एकाच दिशेने, हृदयाकडेच जातं हे ओळखलं ते शिष्याने.

आता पायाकडे येऊ. आपण स्तब्ध उभे असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत जातो. रक्तदाब मोजताना डॉक्टर जे एकक वापरतात, तेच हे. गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला जसा जोर असतो, तसाच हा वरच्या रक्ताच्या उंचीचा भार आहे आणि तो निरोगी माणसातही असतो. गंमत पुढे आहे. तोच माणूस आठ-दहा पावलं चालला की हा दाब 30 किंवा त्याच्याही खाली उतरतो. पोटरीने शिरा रिकाम्या केलेल्या असतात आणि झडपांनी त्या रिकाम्या राखलेल्या असतात. चालणं थांबल्यावर त्या पुन्हा भरायला 20 सेकंदांहून अधिक वेळ लागतो, कारण रक्त फक्त खालून, हळूहळू येतं. झडपा निकामी असतील तर चालूनही दाब फारसा उतरत नाही, आणि थांबल्याबरोबर शिरा वरून भरतात. आजाराचं मूळ या न उतरणाऱ्या दाबात आहे.

अनेक रुग्णांच्या कहाण्यांवरून बेतलेला एक नमुना घेऊ. पन्नाशी ओलांडलेले एक इस्त्रीवाले काका. रोज दहा तास टेबलापाशी उभे. चालणं जवळजवळ नाही, म्हणजे दाब दिवसभर चढलेला आणि पोटरी रिकामी बसलेली. आईच्याही पायाच्या नसा फुगलेल्या होत्या. काकांच्या उजव्या पायावर मांडीपासून पोटरीपर्यंत निळसर, वेडीवाकडी शीर उठून दिसायची. संध्याकाळी पाय जड व्हायचा, मोज्याची खूण खोल उमटायची. मग आतल्या घोट्याच्या वर कातडी तपकिरी पडली, खाज सुटली, हाताला कडक लागू लागली. एक दिवस टेबलाचा कोपरा लागला, एवढंसं खरचटलं, आणि ती जखम सात महिने भरली नाही.

ती कातडी तपकिरी का पडते, हे ऐकण्यासारखं आहे. सततच्या दाबाने सूक्ष्म वाहिन्यांतून पाणी झिरपतं, ती सूज. पाठोपाठ तांबड्या पेशीही बाहेर पडतात आणि तिथेच मोडतात. त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं आणि डाग पडतो. पांढऱ्या पेशीही तिथे अडकून दाह चालू ठेवतात. त्वचेखालची चरबी आक्रसते, घट्ट होते. अशी कातडी खरचटली, तर दुरुस्तीचं सामान रक्तात असूनही सूज आणि दाहामुळे काम पुरं होत नाही. आतल्या घोट्याच्या वरच्या जागी दाब सर्वाधिक असतो, म्हणून हे व्रण बहुतेक तिथेच होतात.

काकांनी सात महिन्यांत तीन मलमं, पावडर आणि प्रतिजैविकांचे दोन कोर्स केले. साखर तपासली, ती नॉर्मल निघाली. जखमेतलं पाणी तपासलं तर जंतू सापडले, पण उघड्या जुन्या जखमेवर जंतू सापडणारच. आजूबाजूची लाली पसरत असेल, पाय गरम लागत असेल, दुखणं एकदम वाढलं असेल किंवा ताप असेल, तरच प्रतिजैविक कामाचं. उलट अशा रुग्णांना जखमेवर लावायच्या औषधांची, विशेषतः निओमायसिनची, अ‍ॅलर्जी सहज होते आणि भोवतीची कातडी आणखी चिघळते.

मग एका शल्यचिकित्सकाने जखम बाजूला ठेवून दोन गोष्टी तपासल्या. पहिली, पायात धमनीचं रक्त नीट पोचतंय का. डॉप्लरच्या छोट्या यंत्राने घोट्याचा वरचा रक्तदाब मोजला, तो 133 भरला. दंडाचा 140. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की 0.95. हा आकडा 0.8 किंवा जास्त असेल तर पाय घट्ट बांधायला हरकत नाही. 0.5 च्या खाली असेल तर बांधणं घातक, कारण आधीच कमी असलेलं रक्त बंद होऊन पाय गमवावा लागू शकतो. मधुमेहात धमन्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे हा आकडा फसवा, अवाजवी मोठा येऊ शकतो. तिथे आणखी तपासण्या लागतात.

दुसरी तपासणी शिरांच्या सोनोग्राफीची, काकांना उभं करून. पोटरी दाबून सोडली, की पडद्यावर रक्त वर जाताना दिसलं आणि लगेच तेच खाली कोसळतानाही. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटा प्रवाह म्हणजे झडप गळकी. काकांची गळती सुरू होत होती थेट जांघेत, जिथे कातडीखालची लांब शीर खोल शिरेला मिळते. खोल शिरा मात्र मोकळ्या होत्या. जखम घोट्यावर आणि बिघाड तीन फूट वर. सात महिने मलम भलत्याच जागी लागत होतं.

उपचाराचा पाया म्हणजे दाबपट्टी. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, वर न चिकटणारं साधं ड्रेसिंग ठेवून, पायाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत थरांची पट्टी बांधतात. घोट्याशी सुमारे 40 मिलिमीटर दाब आणि वर जाताना तो कमी कमी. सारख्याच ताणाने बांधलं तरी हे आपोआप साधतं, कारण घेर जितका मोठा तितका त्याच ताणाचा दाब कमी पडतो. घोटा बारीक, पोटरी जाड. बाहेरच्या या दाबाने फुगलेली शीर अरुंद होते, झिरपलेलं पाणी आत परततं, आणि न ताणणाऱ्या पट्टीवर रेटा देऊन पोटरी अधिक जोराने रक्त ढकलते. म्हणून पट्टी बांधून चालायचं असतं, झोपून राहायचं नसतं.

निसर्गाने ही पट्टी फार आधी शोधली आहे. जिराफाच्या पायात रक्ताचा भार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी त्याचे पाय सुजत नाहीत. 1987 साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात त्याचं कारण मांडलं गेलं. त्याच्या पायाची कातडी आणि आतलं आवरण इतकं घट्ट असतं, की जिराफ जन्मभर दाबमोजे घालूनच हिंडतो.

काकांची पट्टी आठवड्याला बदलली जायची आणि दर वेळी जखम मोजली जायची. सुरुवातीला 4 बाय 3 सेंटिमीटर, चार आठवड्यांनी 3 बाय 2. म्हणजे निम्मी. असा उतार दिसला तर मार्ग बरोबर आहे. तीन महिन्यांत हालचालच नसेल किंवा कडा उंचावत असतील, तर तुकडा काढून तपासायला हवा, कारण जुन्या व्रणात क्वचित कर्करोग असतो.

तिसऱ्या आठवड्यात गळकी शीर लेझरने बंद केली. गुडघ्यापाशी सुई, भोवती बधिर करणारं पाणी, आतून बारीक तंतूने उष्णता, आणि त्याच दिवशी घरी. मग रक्त जाणार कुठून, असं काकूंनी विचारलं. पायाचं सुमारे 90 टक्के रक्त खोल शिरांतूनच परत जातं, त्या शाबूत आहेत. गळकी शीर मदत करत नव्हती, भार वाढवत होती. पूर्वी जखम भरल्यावर शीर बंद करायची पद्धत होती. 2018 साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत शीर लवकर बंद केलेल्यांची जखम मध्यम हिशेबाने 56 दिवसांत भरली, उशीर केलेल्यांची 82 दिवसांत. पट्टी दोन्ही गटांना होती. काकांची जखम तेराव्या आठवड्यात बुजली.

पण झडपा पुन्हा नव्या होत नाहीत. दाबमोजे सकाळी अंथरुणातच, पाय खाली टेकण्याआधी चढवायचे आणि ताण गेला की, साधारण सहा महिन्यांनी, बदलायचे. इस्त्री करताना दर काही मिनिटांनी टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं. दुपारी पाय हृदयापेक्षा उंच ठेवून अर्धा तास आडवं व्हायचं. घोटा आखडू द्यायचा नाही, कारण घोटा हलला नाही तर पोटरी आवळली जात नाही. आणि फुगलेली शीर फुटून रक्ताची चिळकांडी उडाली तर घाबरून उभं राहू नका. आडवे व्हा, पाय उंच करा, जागा दाबून धरा. दाब उतरला की रक्त थांबतं. मग डॉक्टरकडे जा.

तुमच्या घरात कुणी हॉटेलात, दुकानात, वर्गात किंवा चौकात दिवसभर उभं राहत असेल आणि घोट्यावरची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर आणखी एक मलम आणू नका. स्वतःच्या मनाने पट्टीही आवळू नका. धमनीचा दाब आणि शिरांची डॉप्लर तपासणी, या दोन्ही करून घ्या आणि दुसरी उभं राहूनच झाली ना, हे विचारा.